६५६ फोटोंची परीक्षा: गडद त्वचेवर निदान-सॉफ्टवेअर कुठे चुकतं

२०१७ साली 'नेचर'मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका गटाचा शोधनिबंध आला. त्वचेचे १,२९,४५० फोटो वापरून त्यांनी एक संगणकीय मॉडेल शिकवलं होतं. त्वचेवरची गाठ कर्करोगाची आहे की साधी, हे ओळखण्यात ते २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरलं. पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्याच फोटोंवर आणि त्याच पद्धतीने घडवलेलं मॉडेल एका नव्या परीक्षेला बसवलं. या परीक्षेत फोटो होते फक्त ६५६, पण त्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा गडद त्वचेचा होता. त्या तिसऱ्या हिश्शावर मॉडेलची कामगिरी नाणेफेकीइतकीच भरली.

त्वचारोगतज्ज्ञ रॉक्साना दानेशजू, संगणकशास्त्रज्ञ जेम्स झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये प्रसिद्ध झालं. फोटोसंचाचं नाव 'डायव्हर्स डर्मटॉलॉजी इमेजेस', थोडक्यात डीडीआय. लेखकांच्या यादीत रॉबर्टो नोव्होआ, जस्टिन को आणि सुझन स्वेटर हेही आहेत, आणि हे तिघे २०१७ च्या निबंधाचेही सहलेखक होते. म्हणजे ज्यांनी आधीचं मॉडेल घडवण्यात भाग घेतला, त्यांनीच त्याची उणीव जाहीरपणे मोजायला हातभार लावला. मला या प्रकरणातली ही बाजू फार मोलाची वाटते.

फोटो मुळात का नाहीत

उणीव किती मोठी होती, ते डेव्हिड वेन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये केलेल्या पाहणीतून कळतं. त्वचेच्या कर्करोगासाठी कोणालाही वापरता येतील असे २१ फोटोसंच त्यांनी तपासले. त्यांत एकूण १,०६,९५० फोटो होते. पण रुग्णाच्या त्वचेचा प्रकार नोंदवलेला होता तो फक्त २,४३६ फोटोंसोबत. त्वचेचे प्रकार सहसा फिट्झपॅट्रिक मापाने मोजतात: १ म्हणजे सर्वांत गोरी, ६ म्हणजे सर्वांत गडद. या २,४३६ फोटोंत प्रकार ५ चे दहा निघाले आणि प्रकार ६ चा एक. वंशाची नोंद असलेल्या फोटोंमध्ये आफ्रिकी, आफ्रिकी-कॅरिबियन किंवा दक्षिण आशियाई वंशाच्या माणसाचा फोटो एकही नव्हता.

यातली नोंद नसण्याची उणीव फोटो नसण्याच्या उणिवेपेक्षा लबाड आहे. एक लाखाहून अधिक फोटोंसोबत त्वचेचा रंग लिहिलेलाच नाही, त्यामुळे त्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल कोणावर चुकतं हे शोधायला कुणी बसलं, तरी शोधणार कशावरून? एकूण अचूकता ९० टक्के आली की सगळे समाधानी, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत कोण आहे याची नोंदच नाही.

हे कुणी ठरवून केलं असं नाही. फोटोसंच ज्या कारणासाठी जमले, त्या कारणातच निवड दडलेली होती. या क्षेत्रात खूप वापरला गेलेला एक संच म्हणजे 'हॅम१००००'. त्यात डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचेला टेकवून पाहायच्या भिंगाच्या उपकरणाने, घेतलेले १०,०१५ फोटो आहेत. ते सुमारे वीस वर्षांत दोन ठिकाणी जमले: व्हिएन्नाचं वैद्यकीय विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधला एक त्वचा-कर्करोग दवाखाना. क्वीन्सलँडमध्ये कडक ऊन आणि युरोपी वंशाची गोरी लोकसंख्या एकत्र आल्याने मेलॅनोमा या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या भागांत ते मोडतं. तिथे प्रत्येक संशयास्पद तिळाचा फोटो काढणं हा रोजचा शिरस्ता. साहजिकच फोटो तिथेच जमले.

अमेरिकेतही गोऱ्या लोकांत मेलॅनोमाचं प्रमाण कृष्णवर्णीयांच्या वीस पटींहून जास्त आहे. यावरून एक सोपं समर्थन पुढे येतं: रोगच कमी, मग फोटो कमी असणारच. समर्थन अर्धंच खरं आहे. कृष्णवर्णीय रुग्णांत मेलॅनोमा दुर्मीळ असला तरी तो सापडतो उशिरा, आणि त्यातून वाचण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा लक्षणीय कमी आहे. शिवाय त्यांच्यात तो अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. उन्हात राहणाऱ्या पाठीच्या आणि पायांच्या तिळांवर शिकलेल्या मॉडेलने ही जागा पाहिलेलीच नसते. शिवाय कर्करोग म्हणजे काही फक्त मेलॅनोमा नव्हे. 'मायकोसिस फंगॉइड्स' हा त्वचेतला लिम्फोमा कृष्णवर्णीयांत अधिक दिसतो, आणि सुरुवातीला तो साध्या इसबाच्या चट्ट्यासारखा दिसून डॉक्टरांनाही चकवतो.

याशिवाय एक कारण थेट कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा आपोआप उजेड ठरवतो तेव्हा चौकटीतला सगळा प्रकाश मिळून मध्यम करड्या छटेइतका यावा असं त्याचं गणित असतं. गडद हात पांढऱ्या चादरीवर ठेवला की कॅमेरा चादर सांभाळतो आणि हात आणखी काळवंडतो. हातातला चट्टा आणि भोवतालची त्वचा यांच्यातला जो नाजूक फरक निदानाला हवा असतो, तोच या अंधारात जातो. समोरून फ्लॅश मारला तर चकाकीचा पांढरा ठिपका नेमका गाठीवर बसतो. डॉक्टर असा फोटो बाजूला ठेवतात, पाठ्यपुस्तकासाठी किंवा संचासाठी निवडत नाहीत. अशी गाळणी वर्षानुवर्षं चालू राहिली की तिचा हिशेब कुठेच उरत नाही.

संच कसा बांधला

डीडीआयच्या डॉक्टरांनी नवे रुग्ण बोलावले नाहीत. त्यांनी स्वतःच्याच जुन्या नोंदी उघडल्या. २०१० ते २०२० या काळात स्टॅनफर्डच्या दवाखान्यांत ज्या गाठींची बायोप्सी झाली आणि ज्यांचा फोटोही फाइलला जोडलेला होता, तिथून त्यांनी सुरुवात केली. बायोप्सीची अट महत्त्वाची होती. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पॅथॉलॉजिस्टने दिलेलं निदान असेल तरच फोटो घ्यायचा. 'डोळ्यांना हे असं वाटतं' एवढ्यावर घ्यायचा नाही. अनेक जुन्या संचांत निदान फोटो पाहून ठरवलेलं असतं, आणि गडद त्वचेच्या बाबतीत हीच पद्धत घात करते. ते पुढे येईलच.

मग त्वचेचा प्रकार. फाइलमध्ये डॉक्टरने प्रत्यक्ष भेटीत नोंदवलेला प्रकार असला, तरी गटाने तो फाइलमधल्या इतर फोटोंशी ताडून पाहिला आणि पुन्हा तपासून एकमताने प्रकार ठरवला. केवळ गाठीच्या जवळून घेतलेल्या फोटोवरून रंग ठरवणं फसवं असतं, कारण प्रकाश बदलला की तीच त्वचा दोन पायऱ्या गडद किंवा उजळ दिसते.

यानंतरची पायरी या अभ्यासाचा कणा आहे. प्रकार ५-६ च्या प्रत्येक रुग्णासाठी प्रकार १-२ मधला एक जोडीदार शोधला गेला. जोडीदाराचं निदान त्याच वर्गातलं हवं, वय दहा वर्षांच्या आत जुळायला हवं, लिंग तेच हवं, आणि फोटो एकमेकांपासून तीन वर्षांच्या आत काढलेला हवा. शेवटची अट पहिल्यांदा वाचताना क्षुल्लक वाटते. पण दहा वर्षांत कॅमेरे बदलतात. गडद त्वचेचे फोटो जुन्या कॅमेऱ्याने आणि गोऱ्या त्वचेचे नव्याने काढलेले निघाले असते, तर मॉडेलची चूक रंगामुळे झाली की कॅमेऱ्यामुळे, हे कुणीही सांगू शकलं नसतं. दोन्ही गटांत कर्करोगाचं प्रमाणही यामुळे जवळपास सारखं राहिलं.

हाती आलं ते असं: ५७० रुग्णांचे ६५६ फोटो. प्रकार १-२ चे २०८, त्यांत ४९ कर्करोगाचे. प्रकार ५-६ चे २०७, त्यांत ४८ कर्करोगाचे. मधल्या ३-४ प्रकारांचे २४१ फोटोही ठेवले, पण ते जोडी लावून निवडलेले नसल्याने खरी तुलना पहिल्या आणि शेवटच्या गटांतच करायची होती.

परीक्षेचा निकाल

परीक्षेला तीन मॉडेल बसवली. एक 'मॉडेलडर्म', दुसरं २०१७ च्या पद्धतीचं 'डीपडर्म', तिसरं हॅम१०००० वर शिकवलेलं. गुण मोजायचं माप असं: कर्करोगाचा एक फोटो आणि साध्या गाठीचा एक फोटो समोर ठेवला, तर किती वेळा मॉडेल कर्करोगाच्या फोटोला जास्त धोक्याचे गुण देतं? प्रत्येक वेळी दिले तर १, अर्ध्या वेळा दिले तर ०.५, म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार.

आपापल्या मूळ चाचण्यांत तिघांचेही गुण ०.८८ ते ०.९४ होते. डीडीआयच्या सगळ्या फोटोंवर ते ०.५६ ते ०.६७ वर घसरले. आता रंगानुसार पाहू. मॉडेलडर्मला गोऱ्या त्वचेवर ०.६४, गडद त्वचेवर ०.५५. हॅम१०००० वाल्या मॉडेलला ०.७२ आणि ०.५७. डीपडर्मला ०.६१ आणि ०.५०.

४८ कर्करोग ही संख्या लहान आहे, त्यामुळे यातला एखादा आकडा थोडा वर-खाली होऊ शकतो. हॅम१०००० वरचं मॉडेल तर डर्मोस्कोपच्या फोटोंवर शिकलेलं, त्याला साध्या कॅमेऱ्याचे फोटो देणं पूर्ण न्यायाचं नव्हतं. तरीही तिन्ही मॉडेल एकाच बाजूला घसरली, आणि हे योगायोगाने घडणं अवघड.

दवाखान्याच्या भाषेत पाहिलं तर चित्र अधिक स्पष्ट होतं. ठरावीक सीमारेषेच्या वरचे गुण म्हणजे 'कर्करोगाचा संशय' असं धरलं, तर डीपडर्मने गोऱ्या त्वचेतल्या कर्करोगांपैकी ६९ टक्के पकडले आणि गडद त्वचेतले २३ टक्के. म्हणजे ४९ पैकी सुमारे ३४ सापडले, तर दुसरीकडे ४८ पैकी सुमारे ११. उरलेल्या ३७ फोटोंतल्या गाठींबद्दल हे सॉफ्टवेअर 'काळजीचं कारण नाही' असं सांगतं. मॉडेलडर्मचे आकडे ४१ आणि १२ टक्के, म्हणजे गडद त्वचेतले ४८ पैकी सहाच्या आसपास.

इथे कुणी म्हणेल, गडद त्वचेसाठी सीमारेषा खाली ओढा, जास्त कर्करोग पकडले जातील. हा उपाय चालतो, पण मॉडेलने फोटोंची क्रमवारी बरोबर लावलेली असेल तरच. कर्करोग वरच्या बाजूला आणि साध्या गाठी खालच्या बाजूला असतील, फक्त सगळे मिळून खाली सरकले असतील, तर रेष सरकवून भागतं. डीपडर्मच्या ०.५० चा अर्थ असा की क्रमवारीच लागलेली नाही. रेष कुठेही ठेवली तरी कर्करोग पकडायच्या प्रमाणात साध्या गाठीही जाळ्यात येतात, आणि विनाकारण बायोप्सी झालेल्या माणसांची रांग लागते. मॉडेलची एखादी सेटिंग बदलून निभावण्यासारखं हे नव्हतं. त्याला गडद त्वचेवरची गाठ पाहायलाच शिकवावं लागणार होतं.

निदान ठरवणारी नजर

डीडीआयच्या गटाने आणखी एक गोष्ट तपासली, जिच्याकडे एरवी दुर्लक्ष होतं. हेच फोटो त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले आणि नुसतं फोटो पाहून मत द्यायला सांगितलं. प्रकार १-२ मध्ये तज्ज्ञांनी ७२ टक्के कर्करोग ओळखले, प्रकार ५-६ मध्ये ५९ टक्के. हे तज्ज्ञ सॉफ्टवेअरच्या कितीतरी पुढे होते, पण तेही गडद त्वचेवर घसरले.

याचा परिणाम दूरगामी आहे. अनेक मोठ्या संचांत फोटोसोबतचं निदान असंच, दोन-तीन तज्ज्ञांच्या एकमताने लिहिलेलं असतं. गडद त्वचेचे फोटो भरपूर जमवले पण त्यांचं निदान याच पद्धतीने लिहिलं, तर मॉडेल डॉक्टरांच्या चुका इमानेइतबारे पाठ करेल. आणि त्याची परीक्षाही त्याच चुकीच्या उत्तरपत्रिकेवर घेतली, तर गुण उत्तम येतील. म्हणून मला वाटतं, या प्रश्नावर 'आणखी फोटो जमवा' हे उत्तर अपुरं आहे. निदान कुठून आलं, हा प्रश्न फोटोंच्या संख्येइतकाच मोठा आहे.

तज्ज्ञांची नजर का घसरते, याचं उत्तर त्यांच्या शिक्षणात आहे. पाठ्यपुस्तकात दाह 'लाल' असतो. गडद त्वचेत मेलॅनिन तो लाल रंग झाकतं आणि तोच दाह जांभळट, राखाडी किंवा नुसताच गडद तपकिरी दिसतो. २०२० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मालोन मुकवेंदे या विद्यार्थ्याने याच कारणासाठी आपल्या शिक्षकांसोबत एक पुस्तिका तयार केली. तिच्यात एकच लक्षण गोऱ्या आणि गडद त्वचेवर शेजारी-शेजारी दाखवलं आहे.

शिकवणी बदलल्यावर

सुधारणेचा पहिला प्रयत्न गणिती होता. नवे फोटो न देता, वेगवेगळ्या गटांवर सारखी कामगिरी व्हावी म्हणून बनवलेल्या शिकवण्याच्या खास पद्धती वापरून पाहिल्या. त्यांनी दरी भरली नाही, कारण जे कधी दाखवलंच नाही ते गणित तरी कुठून आणणार? मग डीडीआयचे काही फोटो शिकवणीत घातले आणि उरलेल्यांवर परीक्षा घेतली. कामगिरी सुधारली आणि गोऱ्या-गडद त्वचेमधली दरी मिटली. लाखांतल्या फोटोंवर आधीच शिकलेल्या मॉडेलला काही शे नीट निवडलेल्या फोटोंनी एवढा फरक पडला, ही आशेची बाब आहे.

पण डीडीआयच्या मर्यादाही त्याच्या रचनेतच आहेत. बायोप्सीची अट घातली की डॉक्टरला शंका आली अशाच गाठी संचात येतात. ज्या गडद त्वचेवरच्या गाठीकडे पाहून डॉक्टरने 'काही नाही' म्हटलं, ती संचाबाहेरच राहते. सगळे रुग्ण एकाच संस्थेचे आहेत. आणि इसब, खरूज, नायटा यांसारख्या आजारांची सहसा बायोप्सी होत नाही, त्यामुळे रोजच्या ओपीडीतला सगळ्यात मोठा भाग या संचात जवळपास नाहीच.

ती बाजू इतरांनी उचलली आहे. 'पॅशन' नावाच्या संचासाठी मादागास्कर, गिनी, मलावी आणि टांझानिया इथल्या डॉक्टरांनी प्रामुख्याने मुलांच्या आजारांचे फोटो जमवले: इसब, बुरशीचे आजार, खरूज, इम्पेटिगो. इथे निदान बायोप्सीने होत नाही. रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरचा शब्द घ्यावा लागतो. पण तो डॉक्टर रोज गडद त्वचाच पाहणारा आहे, आणि नजरेचा प्रश्न इथे बऱ्याच अंशी सुटतो. गूगल आणि स्टॅनफर्ड यांच्या 'स्किन' या संचाने वेगळी वाट धरली. २०२४ मध्ये खुल्या केलेल्या या संचातले दहा हजारांहून अधिक फोटो अमेरिकेतल्या सामान्य लोकांनी स्वतः काढून दिले आहेत. दवाखान्यापर्यंत पोहोचत नाहीत अशी पुरळं आणि ताजे चट्टे त्यात सापडतात, पण निदान फोटो पाहूनच लावलेलं आहे. म्हणून तिथे तज्ज्ञांनी एकच उत्तर न लिहिता संभाव्य आजार आणि प्रत्येकाबद्दलची खात्री अशी नोंद ठेवली आहे.

या संचात आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे. त्यात फिट्झपॅट्रिक प्रकारासोबत 'मंक' मापही नोंदवलं आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये आपलं माप बनवलं ते अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवायला. उन्हात त्वचा भाजते की काळवंडते, हा त्याचा मूळ प्रश्न होता आणि तो गोऱ्या रुग्णांसाठी होता. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार त्यात मागाहून जोडले गेले. त्यामुळे जगातल्या सगळ्या गडद छटा दोन खणांत कोंबल्या जातात. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांच्या मापात दहा छटा आहेत. मॉडेल नेमकं कोणत्या छटेपासून चुकायला लागतं, हे त्यामुळे अधिक बारकाईने दिसू शकतं.

चांगलं मॉडेल तयार झालं तरी ते डॉक्टरच्या हातात काय करतं, हा वेगळाच प्रश्न आहे. मॅथ्यू ग्रो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये ३९ देशांतल्या ३८९ त्वचारोगतज्ज्ञांची आणि ४५९ सर्वसाधारण डॉक्टरांची चाचणी प्रसिद्ध केली. गडद त्वचेच्या फोटोंवर डॉक्टरांची अचूकता चार टक्क्यांच्या फरकाने कमी होती. मग त्यांना सॉफ्टवेअरची मदत दिली, आणि ते सॉफ्टवेअर दोन्ही रंगांवर सारखं चालणारं होतं. सगळ्यांचंच निदान सुधारलं. पण सर्वसाधारण डॉक्टरांच्या बाबतीत गोऱ्या त्वचेवरची सुधारणा जास्त झाली आणि दरी पाच टक्क्यांनी वाढली. सॉफ्टवेअरचा सल्ला कधी घ्यायचा आणि कधी नाकारायचा, हे ठरवायला त्या त्वचेवर तो आजार कसा दिसतो याचा स्वतःचा अंदाज लागतो, आणि तो अंदाज या डॉक्टरांना गोऱ्या त्वचेचाच जास्त असावा. म्हणून फोटोसंच दुरुस्त करणारे डॉक्टर आता तेच फोटो शिकवण्याच्या वर्गातही नेण्याचा आग्रह धरतात, आणि नव्या सॉफ्टवेअरची चाचणी एकट्या मॉडेलवर न थांबवता ते वापरणाऱ्या डॉक्टरसह, त्वचेच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी मोजायला सांगतात.